कोपऱ्यातल्या गावाचे वजन

ऑब्रे मेंडेलो यांची चौकट व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. उभ्या रेघेवर वजन, म्हणजे काम अडवण्याची किंवा पुढे ढकलण्याची ताकद. आडव्या रेघेवर आस्था. दोन्ही मोठी असतील त्याला निर्णयात बरोबर घ्यायचे. नुसते वजन असेल त्याला समाधानी ठेवायचे, नुसती आस्था असेल त्याला माहिती देत राहायचे. उरलेल्यांवर नजर ठेवली की पुरे.

आता ही चौकट तुतिकोरिनच्या स्टरलाइट तांबे कारखान्यावर ठेवू. 2018च्या सुरुवातीला वर्षाला 4 लाख टनांची क्षमता दुप्पट करायची होती. अशा प्रकल्पात बँकेचे वजन मोठे असते, पण परवाने जागेवर आणि हप्ते वेळेवर असले की ती शांत असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हाती तर संमतीपत्रच. भट्टी चालवणारे कामगार दोन्ही बाजूंनी जड. आणि कुमाररेड्डियापुरम हे शेजारचे गाव? आस्था पुरेपूर, वजन नाही. म्हणून ‘माहिती देत राहा’.

माझा आक्षेप इथेच आहे. गावाकडे स्वतःची सही नसते, पण ज्याच्याकडे सही आहे त्याचा हात ते धरू शकते. ही गोष्ट आपण महाराष्ट्रात आधी पाहिलेली आहे. हाच कारखाना रत्नागिरीत उभा राहणार होता. शेतकरी आणि बागायतदार उठले, 1993 मध्ये बांधकाम थांबले आणि प्रकल्प तमिळनाडूत गेला.

तुतिकोरिनच्या विस्ताराला पर्यावरण मंजुरी जनसुनावणीशिवाय मिळाली होती. ज्या दालनात गावाचे म्हणणे कागदावर आले असते ते दालनच बंद राहिले, म्हणून आस्था रस्त्यावर आली. 2018च्या फेब्रुवारीत धरणे सुरू झाले. 9 एप्रिलला मंडळाने चालू कारखान्याच्याच संमतीचे नूतनीकरण नाकारले. कंपनीने तेव्हाच चौकट पुन्हा आखायला हवी होती. 22 मे हा आंदोलनाचा शंभरावा दिवस. मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, गोळीबारात एकूण 13 माणसे गेली. दुसऱ्या दिवशी मद्रास उच्च न्यायालयाने विस्तार थांबवून जनसुनावणी घ्यायला सांगितले. 28 मे रोजी राज्य सरकारने कारखानाच कायमचा बंद केला. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीची याचिका फेटाळली.

म्हणून चौकट आखताना प्रत्येक नावापुढे मी एक प्रश्न लिहायला सांगतो: याचे म्हणणे कोणाच्या सहीपर्यंत पोहोचू शकते? तिथवर बाण काढा. गावाकडून मंडळाकडे, न्यायालयाकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे बाण जातात. संमती अडकली की मंडळाकडून बँकेकडे आणखी एक बाण निघतो, कारण कर्जाचा पुढचा हप्ता सहसा परवान्यांना बांधलेला असतो.

कामगाराचा बाण मात्र उलटा वागतो. काम बंद करण्याचा धाक हेच त्याचे वजन, आणि भट्टी विझली की ते उरत नाही. तुतिकोरिनमध्ये टाळे लागले त्या दिवशी कामगारांची आस्था कधी नव्हे इतकी मोठी होती.