प्लगाचा रंग आणि प्लगाची उष्णता



आजचे व्याख्यान आम्ही आमच्याच एका चुकीपासून सुरू करणार आहोत. ऐन पावसाळ्यात एक गृहस्थ कार्ब्युरेटरची जुनी मोटरसायकल घेऊन आमच्याकडे आले. गाडी सकाळी लवकर सुरू होईना आणि पेट्रोल फार पिई. प्लग काढून पाहिला, तर टोकावर कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी. आम्ही तो टाकून दोन पायऱ्या ‘गरम’ प्लग बसविला. आठवड्याने पाहिले, तर टोक सुरेख तपकिरी! गृहस्थ खूष, आम्हीही खूष. मात्र पेट्रोल पूर्वीइतकेच जळत होते, आणि तिकडे आम्ही लक्ष दिले नाही.

‘गरम’ आणि ‘थंड’ म्हणजे काय, ते आधी पाहू. प्लगाच्या टोकाशी मधल्या तारेभोवती चिनी मातीचे पांढरे नाक असते. ते लांब असेल तर त्याची उष्णता इंजिनाच्या डोक्यापर्यंत जायला वेळ लागतो. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते. तो थंड प्लग. प्लग गरम घातल्याने ठिणगी जोरदार होत नाही की इंधन अधिक चांगले जळत नाही. बदलते ते फक्त टोकाचे तापमान. ते सुमारे ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर राहिले, तर काजळी आपोआप जळून जाते. सुमारे ८५० अंशांच्या वर गेले, तर तापलेले टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटविते. प्लगाची निवड म्हणजे टोकाला या दोन मर्यादांच्या मध्ये ठेवणे, एवढेच.

आता आमची चूक ध्यानी येईल. काळी कोरडी काजळी सांगत होती, की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते आहे. कारण साधे होते: हवेची गाळणी धुळीने आणि ओलीने तुंबली होती. आम्ही गाळणी पाहिलीच नाही. गरम प्लगाने काजळी जाळून टाकली, म्हणजे साक्षीदाराचेच तोंड बंद केले.

पुढे दिवाळीत गृहस्थांनी स्वतःच गाळणी बदलली. मिश्रण ठीक झाले. पण दुखणे गेले तरी औषध चालूच राहिले. एप्रिलच्या उन्हात मागे पत्नीला बसवून ते आंबेनळी घाट चढले. इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज येऊ लागला, ताकद कमी झाली, आणि चावी बंद केल्यावरही इंजिन क्षणभर फिरत राहिले. प्लग आमच्या हाती आला तेव्हा नाक खडूसारखे पांढरे होते आणि त्यावर मोहरीहून बारीक चकचकीत ठिपके होते. ते ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे कण. पिस्टनची कड खाल्ली गेली होती. तो बदलावा लागला. तो खर्च आम्ही सोसला, हे सांगायला नको.

तेव्हा प्लग वाचायचा कसा? नाक फिकट तपकिरी किंवा राखी असले, तर मिश्रण आणि प्लग दोन्ही बरोबर. कोरडे काळे असेल तर आधी गाळणी व चोक पाहा. काळे पण ओले, तेलकट असेल तर इंजिनातले तेल वर येत आहे. तिथे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह तपासायचे. पांढरे असेल तर प्रथम प्लग सैल नाही ना, हे बघा. कारण सैल प्लगाची उष्णता डोक्यात उतरत नाही. मग इंधन कमी पडते का, कुठून वाजवीपेक्षा जास्त हवा शिरते का आणि ठिणगी फार लवकर पडते का, हे पाहावे. हे सगळे ठीक असूनही रंग चुकत असेल, तरच प्लगाची पायरी बदलावी, आणि तीही एकच.

पायरी बदलताना आकड्याने फसू नका. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगांत आकडा मोठा तो थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात मोठा तो गरम.

आणखी एक सावधगिरी. बाजारातून हळूहळू घरी येऊन प्लग काढला, तर तो मंद चालीचाच रंग दाखवील. ज्या चालीची परीक्षा करायची, त्या चालीने मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून, क्लच दाबून, तिथेच इंजिन बंद करावे, आणि ते निवल्यावर प्लग काढावा. शिसेविरहित पेट्रोलवर रंग फिकाच उमटतो; तो नाकाच्या मुळाशी, आत, भिंगाने पाहावा. नव्या गाड्यांत पेट्रोलचे माप संगणक ठरवितो, तिथे रंगाआधी त्याची तक्रार वाचावी; तेलाची आणि अति उष्णतेची खूण मात्र तिथेही प्लगच दाखवितो.

त्या गृहस्थांचा पांढरा प्लग आम्ही अजून कपाटात ठेवला आहे. काळा प्लग समोर आला, की आधी तो पाहतो, आणि मग गाळणीचे झाकण उघडतो.