लग्नाची तारीख: गुरुजींकडून एक तारीख नको, यादी मागा

आजचा विषय असा आहे की घरात कुणाची सोयरीक जमली की दुसऱ्याच दिवशी निघतो. तारीख कोणती धरायची? आज आपण एकच उदाहरण घेणार आहोत. मुलगी नांदेडची, मुलगा लातूरचा, लग्न नांदेडला. दोन्हीकडचे निम्मे पाहुणे लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर या भागातले शेतकरी आणि उरलेले पुण्यात नोकरीला. साल २०२६. उदाहरण मी बनवलंय, पण असं घर तुमच्या ओळखीत नक्की असेल.

आधी २०२६ चं कॅलेंडर समजून घ्या, कारण हे वर्ष जरा वेगळं आहे. यात अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक महिना. त्यात लग्न करत नाहीत. म्हणजे शाळेच्या सुट्ट्यांमधला निम्मा मे हातातून गेला. १६ जूनपासून निज ज्येष्ठ, तिथून पुन्हा मुहूर्त. पण जुलैच्या मध्याला गुरूचा अस्त होतो, २५ जुलैला आषाढी एकादशी आणि चातुर्मास सुरू. त्यानंतर मुख्य मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी. काही पंचांगांत मधल्या काळासाठी काढीव मुहूर्त असतात, पण घरातली मोठी माणसं ते चालवून घेतील का, हे आधी विचारा.

आता गुरुजींकडे जाऊ. बहुतेक घरांत विचारतात, "गुरुजी, चांगली तारीख सांगा." गुरुजी एक सांगतात, घरच्यांच्या मनात ती पक्की बसते आणि मग कार्यालय मिळत नाही म्हणून धावपळ. त्यापेक्षा असं विचारा: "गुरुजी, दोघांच्या राशीला चालतील अशा एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या तारखा द्या आणि प्रत्येकीची वेळ लिहून द्या." वेळ फार महत्त्वाची आहे, पुढे कळेलच. दुसरं, दोन्हीकडचे गुरुजी वेगवेगळं पंचांग बघत असतील तर याद्या जुळत नाहीत. दोन्ही याद्या घ्या आणि दोन्हीत असलेल्या तारखाच पुढे न्या. आपली तारीख खरी की तुमची, हा वाद तिथेच मिटतो.

समजा, अशा तीन तारखा उरल्या: ७ मे गुरुवार, २७ जून शनिवार आणि २५ नोव्हेंबर बुधवार.

पहिल्या नजरेत २७ जून भारी वाटते. शनिवार आहे, रविवारी परत जाता येतं, पुण्याची मंडळी खूश. पण खेड्यातल्या पाहुण्याच्या जागी उभं राहून बघा. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की सोयाबीनची पेरणी, आणि जूनचा शेवट म्हणजे ऐन पेरणी. वापसा आला की त्या दोन दिवसांत माणूस रान सोडून येत नाही, सख्खा मामा असला तरी. त्याच दिवसांत बी-खतामध्ये पैसा गेलेला असतो, त्यामुळे हातही आखडलेला. वर पावसाचा भरवसा नाही, म्हणजे लॉनवरचं जेवण विसरा, बंद हॉलच पाहिजे. सुट्टीचा दिवस बघून तारीख धरली तर निम्मं वऱ्हाड येणार नाही. ही तारीख आपण खोडतो.

दुसरी, ७ मे. पेरणी नाही, शाळांना सुट्टी. लातूर म्हटलं की नीटची पोरं प्रत्येक भावकीत असतात, पण ती परीक्षा ३ मेच्या रविवारी आहे, म्हणजे तारीख त्यानंतरची. इथपर्यंत छान. अडचण उन्हाची. गुरुजींनी वेळ दिली दुपारी बारा पस्तीस. आता खरं सांगा, बारा पस्तीसचा मुहूर्त असताना अक्षता किती वाजता पडतात? वरात नाचत येते, दोन वाजतात, अडीच वाजतात. लातूरहून वऱ्हाड रस्त्यानेच येणार, कारण रेल्वेने यायचं तर परभणी, परळीवरून वळसा. तीन तास गाडीत बसून म्हातारी माणसं भर उन्हात मांडवात येतात आणि जेवण चारला. म्हणून मेमध्ये एकच अट ठेवा: गोरज मुहूर्त असेल तरच. मग वऱ्हाड दुपारी निघून संध्याकाळी पोचतं. आणि कार्यालयवाल्याला विचारा, बोअरला मेमध्ये पाणी असतं का, टँकर लागला तर खर्च कुणाचा? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हा प्रश्न आपल्याकडे उगाच नसतो. उत्तर पावतीवर लिहून घ्या.

तिसरी, २५ नोव्हेंबर. सोयाबीन निघालेलं, बऱ्याच जणांचं विकलेलं, हवा थंड. शेतकरी पाहुण्यासाठी यापेक्षा चांगला काळ नाही. बुधवार आहे म्हणून पुणेकर कुरकुरतील, पण मंगळवारी २४ तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे. म्हणजे हळद मंगळवारी, लग्न बुधवारी, रजा मोजकीच. पण थांबा, लग्न नांदेडला आहे! गुरुनानक जयंतीला सचखंड गुरुद्वाऱ्यात बाहेरून भाविक येतात. लॉज भरलेले, गाड्या भरलेल्या. लातूरच्या लग्नाला हीच तारीख काही त्रास देणार नाही, नांदेडला देईल. शिवाय तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तारखा, चार महिने थांबलेली सगळी लग्नं त्याच आठवड्यात येणार.

मग ठरवायचं कसं? मी दोन प्रकार करतो. एक, जे बदलताच येत नाही: पेरणी, परीक्षा, घरच्यांना मान्य नसलेला काळ. त्यात अडकलेली तारीख सरळ बाद. दोन, जे पैसे किंवा मेहनत लावून सुटतं: लॉज, रजा, टँकर, ऊन. अशा तारखांची तुलना करायची. २७ जून पहिल्या प्रकारात गेली. ७ मे गोरज असेल तर टिकते, दुपारचा असेल तर नाही. आपल्या उदाहरणात दुपारचा आहे, म्हणून २५ नोव्हेंबर.

आता क्रम नीट लक्षात ठेवा. एरवी आधी कार्यालय, मग बाकीचं. इथे उलटं. आधी खोल्या. बाहेरगावचे किती जण मुक्कामी राहणार ते मोजा, समजा साठ. तेवढी सोय लॉज, कार्यालयाच्या खोल्या आणि नातेवाइकांची घरं मिळून होते का, ते एका दिवसात फोन करून बघा. तोवर कार्यालयवाल्याला तारीख दोन दिवस धरून ठेवायला सांगा. खोल्या जमल्या की इसार द्या. पावतीवर कार्यालय किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता सोडायचं हे लिहून घ्या. मंगळवारची हळद तिथेच असेल तर ते दोन दिवसांचं भाडं आहे.

शेवटी रेल्वे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वी एकशे वीस होतं. पुण्याची मंडळी २३ नोव्हेंबरच्या रात्री निघणार असतील, तर त्यांचं बुकिंग २४ सप्टेंबरला सकाळी आठला उघडेल. पत्रिका छापून येण्याआधीच ही तारीख फॅमिली ग्रुपवर टाका. परतीचं तिकीटही तसंच मोजा.

तुमच्या यादीत कोणत्या तारखा आल्यात आणि कशामुळे अडलंय, ते कॉमेंटमध्ये लिहा. गाव आणि महिना नक्की सांगा, त्याशिवाय उत्तर देता येत नाही. भेटू पुढच्या भागात.