फोन रशियन बोलतो तेव्हा: यूएसबी डीबगिंगची खिडकी नेमकी काय विचारते?

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. माझा मावसभाऊ रशियात, कझानला एमबीबीएस करतोय. हॉस्टेलमधला एक सीनियर शिक्षण संपवून भारतात परतला, जाताना त्याने आपला अँड्रॉइड फोन याला विकला. फोनची भाषा रशियन आहे आणि भाऊ ती मुद्दाम तशीच ठेवतो. वॉर्डमध्ये पेशंटशी रशियनमध्येच बोलायचं असतं, तेवढाच सराव. परवा त्याने फोन हॉस्टेलच्या कॉमन कॉम्प्युटरला जोडला आणि स्क्रीनवर एक खिडकी आली. त्याने फोटो पाठवून विचारलं, "दादा, यात कुठलं बटण दाबू?"

प्रश्न छोटा वाटतो, पण त्या फोनमध्ये त्याचं भारतातलं सिम आहे. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, घरून पैसे त्याच खात्यात जातात. म्हणून बटण सांगण्याआधी खिडकी काय विचारतेय ते नीट समजून घेऊ. तुमच्या फोनची भाषा मराठी असली तरी आतली गोष्ट हीच आहे.

आधी डेव्हलपर ऑप्शन्स म्हणजे काय ते बघू. ॲप बनवणाऱ्यांसाठी अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जचा एक वेगळा मेनू असतो. 2012 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 4.2 पासून तो लपवलेला असतो. उघडायचा तर Настройки, म्हणजे सेटिंग्ज, तिथून О телефоне, म्हणजे फोनबद्दल, आणि तिथे Номер сборки या ओळीवर सात वेळा टॅप करायचं. Номер сборки म्हणजे बिल्ड नंबर. काही कंपन्यांच्या फोनवर ही ओळ जरा वेगळ्या जागी किंवा वेगळ्या नावाने असते, पण सात टॅपचा प्रकार सगळीकडे सारखाच. झालं की Для разработчиков असा मेनू दिसायला लागतो. उच्चार साधारण "द्ल्या रज़्राबोत्चिकव", अर्थ "डेव्हलपरांसाठी". सॅमसंगवर त्याचं नाव Параметры разработчика असतं.

आता इथे पहिली खूण मिळते. भावाने हे सात टॅप कधीच केले नव्हते, तरी त्याच्या सेटिंग्जमध्ये हा मेनू दिसत होता. म्हणजे आधीच्या मालकाने तो चालू केला होता, आणि फोन विकताना फॅक्टरी रीसेट केला नव्हता. फॅक्टरी रीसेट झाला असता तर मेनू परत लपला असता. सीनियरने आपलं गूगल खातं काढलं, फोटो डिलीट केले आणि फोन दिला. यात त्याचा काही डाव असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक लोक असंच करतात. पण सेकंडहँड फोन घेतला की ही एक गोष्ट तपासा: आपण न उघडलेला डेव्हलपर मेनू आधीच उघडा आहे का?

मेनूच्या आत एक बटण असतं, Отладка по USB. "अत्लाद्का पो यूएसबी", म्हणजे यूएसबी डीबगिंग. ते चालू करताना पहिली सूचना येते: Разрешить отладку по USB? म्हणजे "यूएसबी डीबगिंगला परवानगी द्यायची का?" खालच्या मजकुरात सांगितलेलं असतं की याने कॉम्प्युटर आणि फोनमध्ये फाइल्स हलवता येतात, थेट ॲप टाकता येतं आणि सिस्टिमच्या नोंदी वाचता येतात. ही सूचना कुठल्याही एका कॉम्प्युटरबद्दल नसते. दार बसवू का, एवढंच ती विचारते. सीनियरने ते दार कधीच बसवलं होतं, त्यामुळे भावाला ही पहिली सूचना दिसलीच नाही.

त्याला दिसली ती दुसरी. गंमत म्हणजे तिचंही शीर्षक जवळपास तेच असतं, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. ओळखायचं कसं? या दुसऱ्या खिडकीत RSA ही अक्षरं असतात आणि त्यापुढे कोलनने तोडलेल्या सोळा जोड्यांची एक लांब रांग. खाली एक चौकट असते, तिच्यातल्या वाक्याची सुरुवात Всегда या शब्दाने होते. "फ्सिग्दा", म्हणजे "नेहमी". आणि बटणं दोन: Отмена आणि Разрешить.

ती लांब रांग म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या किल्लीचा ठसा. फोनशी बोलणारा adb नावाचा प्रोग्राम प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतःची एक किल्ली बनवून ठेवतो. फोन विचारत असतो, "हा कॉम्प्युटर दारात उभा आहे, याला आत घेऊ का?" ही विचारणा 2013 मध्ये अँड्रॉइड 4.2.2 पासून आली. त्याआधी डीबगिंग चालू असलेला फोन जोडला की काहीही न विचारता दार उघडायचं. तुम्ही उत्तर देईपर्यंत कॉम्प्युटरवर असं दिसतं:

```
$ adb devices
List of devices attached
R58N12ABCDE    unauthorized
```

Разрешить दाबलं की unauthorized च्या जागी device येतं. एका टॅपचा फरक आहे बस. आणि Всегда ची चौकट टिक केलेली असेल तर फोन ती किल्ली जपून ठेवतो. पुढच्या वेळी तोच कॉम्प्युटर जोडला की खिडकी येत नाही. बऱ्याच फोनवर तर तेव्हा स्क्रीन लॉक असली तरी adb चालतं.

आत आल्यावर कॉम्प्युटर काय करू शकतो? स्क्रीनचे फोटो काढू शकतो, मेमरीतले फोटो आणि डाउनलोड उचलू शकतो, तुमच्या बोटाऐवजी स्वतः टॅप करू शकतो. ॲप टाकू शकतो, आणि त्या ॲपला काही परवानग्या तुम्हाला स्क्रीनवर न विचारता देऊ शकतो. एसएमएस वाचायची परवानगीसुद्धा त्यात येऊ शकते. ओटीपीचा धोका इथे आहे. पण मर्यादाही सांगतो, उगाच घाबरवायचं नाही. फोन रूट केलेला नसेल, तर बँकेच्या ॲपची किंवा व्हॉट्सॲपची आतली खासगी साठवण अशी सरळ उचलता येत नाही. प्रत्येक ॲपची खोली वेगळी असते, आणि adb कडे त्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या नसतात.

आता भावाचा प्रसंग. मी विचारलं, "कॉम्प्युटरला जोडलास कशाला?" म्हणाला, वॉर्डच्या नोट्सचे फोटो कॉपी करायचे होते. त्यासाठी डीबगिंग लागतच नाही! वायर जोडल्यावर वरून येणाऱ्या यूएसबीच्या सूचनेत Передача файлов निवडायचं, म्हणजे "फाइल ट्रान्सफर". फोटो कॉपी होतात. कोणी दुकानदार किंवा मित्र म्हणाला की फोटोंसाठी डीबगिंग चालू कर, तर ते चूक आहे.

मग खिडकी आली का? कारण दोन गोष्टी एकत्र आल्या. फोनवर सीनियरने चालू ठेवलेलं डीबगिंग होतं, आणि कॉमन कॉम्प्युटरवर कोणीतरी adb चालू ठेवलेलं होतं. कदाचित एखादा मुलगा त्यावर ॲप बनवायला शिकत असेल. हे लक्षात ठेवा: नुसता चार्जर ही खिडकी आणू शकत नाही. ती आली म्हणजे वायरच्या पलीकडे कॉम्प्युटरसारखं काहीतरी आहे आणि ते adb ने बोलायला बघतंय. स्टेशनवर किंवा एअरपोर्टवर चार्जिंगला लावलेल्या फोनवर ती दिसली, तर रद्द करा आणि वायर काढा. त्याच कारणाने, डीबगिंग बंद असेल तर ही खिडकी येतच नाही.

तेव्हा उत्तर होतं Отмена. "अत्म्येना", म्हणजे "रद्द". पण बटण डावं की उजवं यावर जाऊ नका, फोननुसार जागा बदलते. शब्द वाचा. रशियन लिपीत काही अक्षरं फसवतात: Р म्हणजे र, Н म्हणजे न, В म्हणजे व. Разрешить ची सुरुवात Р ने, म्हणजे "र"ने होते, "रज़्रेशित", परवानगी द्या. Отмена ची सुरुवात О ने. या खिडकीपुरतं एवढं पुरतं.

त्यानंतर आम्ही व्हिडिओ कॉलवर तीन कामं केली, आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं, डेव्हलपर मेनूत Отозвать ने सुरू होणारी ओळ शोधली. "अताज़्वात", म्हणजे परत घेणे. ती दाबली की जपून ठेवलेल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या जातात, त्यात सीनियरच्या लॅपटॉपचीही. अँड्रॉइड 11 पासून सात दिवस न वापरलेली किल्ली आपोआप बाद होते, पण ती सोय बंद करायचं बटणही त्याच मेनूत असतं आणि जुन्या फोनवर ती सोयच नाही. म्हणून हाताने पुसलेलं बरं. दुसरं, Отладка по USB बंद केलं. तिसरं, मेनूच्या अगदी वरचं मुख्य बटण बंद केलं. आधीच वरचं बटण बंद केलं असतं तर डीबगिंग थांबलं असतं, पण किल्ल्या आत पडून राहिल्या असत्या. पुढे कधी कोणी डीबगिंग चालू केलं की त्या परत चालल्या असत्या.

भावाने मध्येच विचारलं, "फोनची भाषा मराठी केली तर हे सगळं जातं का?" नाही जात. भाषा बदलली की फक्त पाट्या बदलतात, बटणं आणि किल्ल्या होत्या तशाच राहतात. खरं स्वच्छ करायचं तर फॅक्टरी रीसेट. त्याने किल्ल्या जातात, डेव्हलपर मेनू लपतो, आणि सीनियरच्या काळात टाकलेलं एखादं ॲप राहिलं असेल तर तेही जातं. मी त्याला तेच सुचवलं, कारण आत काय काय टाकलं गेलं होतं हे मेनू बघून कळत नाही. त्याने नोट्सचे फोटो मित्राच्या लॅपटॉपवर घेतले, रविवारी रीसेट केला आणि फोन पुन्हा रशियनमध्येच लावला. एक फायदा त्याला लगेच दिसला. त्याच्या बँकेचं ॲप आधी डेव्हलपर मोडची तक्रार करून बंद व्हायचं, ते आता उघडतंय.

तुमच्यापैकी ज्यांना ॲप बनवायचं आहे, त्यांनी डीबगिंग जरूर वापरा, मीही रोज वापरतो. स्वतःच्या लॅपटॉपला Всегда ची टिक द्यायला हरकत नाही. दुसऱ्याच्या किंवा कॉमन कॉम्प्युटरला ती टिक देऊ नका, आणि काम झालं की बटण बंद करा.

आजच्यासाठी इतकंच. तुमच्या फोनवर कुठली खिडकी येऊन अडली असेल तर तिचा फोटो पाठवा, भाषा कुठलीही चालेल. भेटू पुढच्या भागात!