कोरियनमधलं ‘अहो-जाहो’: एक नाही, दोन बटणं

आजचा भाग कोरियन शिकणाऱ्यांसाठी. विशेषतः ज्यांची सुरुवात के-ड्रामा बघून झाली आणि आता ‘यो’ कुठे लावायचं, कुठे नाही, यात जे अडकलेत त्यांच्यासाठी.

आधी माझी फजिती सांगते. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी नवीनच लागले होते. कोरियाहून विभागप्रमुख आले होते, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांना विचारायचं होतं, “तुम्ही उद्या येणार का?” मी रात्री शब्दकोशात ‘तुम्ही’ शोधलं, ‘दांगशिन’ मिळालं. क्रियापदाला पुस्तकातला सगळ्यात औपचारिक शेवट लावला आणि सकाळी छान हसून विचारलं, “दांगशिनुन नेइल ओम्निक्का?”

खोलीत शांतता. ते “हो” म्हणाले आणि निघून गेले. नंतर त्यांच्या एका सहकारी ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तू वाईट काही बोलली नाहीस. पण ऐकायला भांडण काढल्यासारखं वाटलं.”

आता मला कळेना. इतका आदराचा शेवट लावला, तरी चुकलं कुठे? आजचा भाग म्हणजे या प्रश्नाचं उत्तर.

बघा, मराठीत आपण ‘तुम्ही’ म्हटलं की काम झालं. ‘तू येतोस’चं ‘तुम्ही येता’ होतं. समोरच्याशी अदबीनं बोलणं आणि येणाऱ्या माणसाला मान देणं, दोन्ही एकाच झटक्यात होतं, कारण इथे येणारा आणि ऐकणारा एकच आहे.

पण आता हे वाक्य घ्या. तुम्ही धाकट्या भावाला विचारता, “आजोबा आले का रे?” ‘आले’मध्ये आजोबांना मान आहे. ‘रे’मध्ये भावाशी सलगी आहे. म्हणजे मान दोघांचा वेगवेगळा मोजला, बरोबर? हे आपण रोज करतो, फक्त लक्षात येत नाही.

कोरियन भाषा हेच काम उघडपणे करते. तिथे क्रियापदावर दोन बटणं आहेत. पहिलं बटण क्रियापदाच्या अगदी शेवटी असतं: मी कोणाशी बोलतेय? दुसरं त्याच्या आधी, मधोमध: मी कोणाबद्दल बोलतेय? या मधल्या बटणाचं नाव ‘शी’.

‘आला’ हे एकच क्रियापद घेऊ. मित्र आला, आणि ते तुम्ही भावाला सांगताय: ‘वास्सॉ’. तोच मित्र आला, पण सांगताय शेजारच्या काकूंना: ‘वास्सॉयो’. शेवटी ‘यो’ आला, कारण ऐकणारी व्यक्ती बदलली. मित्र तोच आहे, त्याला जादा मान नाही.

आता आजोबा आले. भावाला सांगताय: ‘ओश्यॉस्सॉ’. शेवटी ‘यो’ नाही, कारण भाऊ आहे. पण मधे ‘श्यॉ’ ऐकू येतंय ना? तो ‘शी’च आहे, भूतकाळात मिसळलेला. आणि काकूंना सांगताय: ‘ओश्यॉस्सॉयो’. दोन्ही बटणं चालू.

व्याकरणात शेवटाच्या सहा पातळ्या सांगतात, पण सुरुवातीला तीन पुरतात. काहीच न लावलेला शेवट म्हणजे ‘बानमाल’, आपलं अरे-तुरे. ‘यो’ म्हणजे रोजचं अहो-जाहो: दुकानदार, अनोळखी माणूस, वर्गातले मोठे. आणि ‘म्निदा’, प्रश्नात ‘म्निक्का’, म्हणजे बातम्या, भाषण, सैन्य, ऑफिसची बैठक.

आता माझ्या वाक्याकडे परत या. ‘ओम्निक्का’मध्ये पहिलं बटण पूर्ण वर होतं. ऐकणाऱ्याचा मान राखला. पण येणारेही तेच होते आणि मी ‘शी’ लावलाच नाही! हवं होतं ‘ओशिम्निक्का’ किंवा साधं ‘ओसेयो’. त्यातल्या ‘से’मध्येही तोच ‘शी’ लपलाय. मराठीत ‘तुम्ही’ दोन्ही कामं करतो, म्हणून मला वाटलं शेवट लावला की भागलं.

दुसरी चूक ‘दांगशिन’. हा शब्द नवरा-बायको एकमेकांना वापरतात, जाहिरातीत वाचकाला उद्देशून येतो, आणि रस्त्यावरच्या भांडणात तर हमखास येतो. मोठ्यांना तोंडावर म्हणायचा ‘तुम्ही’ कोरियनमध्ये जवळजवळ नाहीच. त्याऐवजी पद आणि पुढे ‘निम’ म्हणायचं. आपण ‘तुम्ही चहा घेणार का?’ऐवजी ‘सर, चहा घेणार का?’ म्हणतो ना, तसं. विभागप्रमुख म्हणजे ‘बुजांगनिम’. म्हणून बरोबर वाक्य: “बुजांगनिम, नेइल ओसेयो?” ‘तुम्ही’ कुठेच नाही, आणि मान मात्र पूर्ण आहे.

आता मराठी माणसाचे दोन खास खड्डे.

पहिला: ‘शी’ स्वतःला लावणं. ‘आन्यॉंगहासेयो’ सगळ्यात आधी शिकतो, म्हणून वाटतं ‘सेयो’ म्हणजेच अदब. कोणी विचारलं, “ऑदी गासेयो?”, कुठे निघालात? आणि आपण उत्साहात उत्तर देतो, “हाक्क्योए गासेयो.” म्हणजे साधारण “आम्ही महाविद्यालयात पधारत आहोत”! प्रश्नातला ‘से’ तुमच्यासाठी होता. उत्तरात जाणारे तुम्ही स्वतः आहात, म्हणून फक्त ‘गायो’. ‘यो’ ठेवा, ‘से’ काढा.

दुसरा खड्डा जास्त बारीक आहे. आपण म्हणतो “आजोबा आले”, पण “आजी आली”. “बाबा आले”, पण “आई आली”. प्रेम आहे, पण क्रियापदात मान नाही. कोरियनमध्ये आजीलाही ‘शी’ हवाच: ‘हाल्मॉनी ओश्यॉस्सॉयो’. डोक्यात मराठी वाक्य आधी बनवलंत, तर आजीचा ‘शी’ नक्की गळेल. हो, घरात लेक आईशी ‘यो’ न लावता बोलते, ते चालतं. पण बाहेरच्यांसमोर दुसऱ्याच्या आईबद्दल बोलताना ‘शी’ विसरू नका.

आणि हे खुद्द कोरियन लोकांचंही चुकतं बरं का! कॅफेत ऐकू येतं, ‘खॉफी नाओश्यॉस्सुम्निदा’. म्हणजे मान गिऱ्हाइकाला द्यायचा होता, लागला कॉफीला. “कॉफीबाई आल्या!” तिथली राष्ट्रीय भाषा संस्था हे चूक मानते, पण काउंटरवरची मुलं बोलतात, कारण ‘शी’ नसला तर गिऱ्हाईक रागावेल अशी धास्ती असते.

शेवटचं. ड्रामात दोघं एकमेकांना वय विचारतात, मग कोणीतरी म्हणतं, “माल नोउसेयो.” शब्दशः, बोलणं खाली ठेवा. अर्थ: मला अहो-जाहो करू नका. हे सहसा लहान माणूस मोठ्याला म्हणतो, आणि मग मोठा ‘यो’ सोडतो. लहान मात्र ‘यो’ लावतच राहतो. तेव्हा समोरच्यानं तुमच्याशी बानमाल सुरू केलं, म्हणून लगेच तुम्हीही करू नका. तो म्हणेपर्यंत थांबा.

पुढच्या एपिसोडला सबटायटल झाका आणि फक्त दोन गोष्टी ऐका: शेवटी ‘यो’ आहे का, आणि मधे ‘शी’ आहे का. कोणाचं कोणाशी काय नातं आहे, ते तुम्हाला कथेच्या आधी कळेल.

आणि हो, ते बुजांगनिम. दुसऱ्या दिवशी मी नीट विचारलं, “बुजांगनिम, जॉमशिम दुश्यॉस्सॉयो?” जेवलात का? ते थांबले, हसले आणि म्हणाले, “मॉगॉस्सॉयो.” ‘जेवलो’साठी साधं क्रियापद, ‘शी’ नाही, पण शेवटी मला ‘यो’. दोन्ही बटणं कशी वापरायची, ते त्यांनी एका शब्दात दाखवलं.

भेटू पुढच्या भागात!