शहाणी पोर

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी पाचवीत होती तेव्हाची ही गोष्ट. महिन्याच्या बैठकीला आईच्या बचतीचे शंभर रुपये तीच घेऊन यायची. पासबुक पुढे करायची आणि "आईला बरं नाही" एवढंच सांगायची. आम्ही म्हणायचो, किती शहाणी पोर! असं म्हणून आम्ही मोकळ्या व्हायचो. तीन महिने असेच गेले.

मग शाळेतल्या बाईंनी विचारलं, ही आठवड्यातून दोन-दोन दिवस का येत नाही? आली तरी मधल्या सुट्टीत घरी का पळते?

आम्ही दोघी घरी गेलो. ताई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. अंघोळ नाही, जेवण नाही, पहाटे तीनला जाग. "मी मेले तर सगळे सुटतील" असं पुटपुटत होत्या. नवरा ट्रॅक्टरवर, रात्री उशिरा येणारा. पोरगी सुट्टीत धावायची ती आईचा श्वास चालू आहे का ते बघायला. फवारणीच्या औषधाचा डबाही तिनेच उचलून गोठ्यात लपवला होता. दहा वर्षांच्या पोरीने! आम्ही तिला शहाणी म्हणत होतो तेव्हा ती राखण करत होती.

मरणाचं बोलणं ऐकल्यावर थांबायचं नसतं. माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तीव्र नैराश्य सांगितलं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या सोडायच्या नाहीत, हेही सांगितलं.

आईचं औषध सुरू झालं, पण पोरीचं काय? तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. आजी म्हणायची, पोरांनी छळलं म्हणून डोकं फिरलं. शेजारी म्हणायचे, बाहेरचं आहे. पोरीने आपलं उत्तर शोधलं होतं. ती म्हणाली, "मला गणितात कमी मार्क पडले ना, तेव्हापासून आई अशी झाली." मोठ्यांनी सांगितलं नाही तर मुलं असंच स्वतःवर घेतात.

मग वडील आणि मावशी तिच्याजवळ बसले. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं. "आईला नैराश्य नावाचा आजार झाला आहे. तो तुझ्यामुळे झाला नाही. तुला तो बरा करता येणार नाही, ते काम डॉक्टरांचं आणि आम्हा मोठ्यांचं." तिने विचारलं, "आई मरेल का?" काही होत नाही, असं म्हणणं सोपं होतं. मावशी म्हणाली, "आता आई एकटी नसते. कुणीतरी सतत तिच्याजवळ असतं." दुसरा प्रश्न होता, "मलाही होईल?" घरात हा आजार असला की मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण होईलच असं नाही, हे तिला खरं तेच सांगितलं. एकदा सांगून भागलं नाही. चार-पाच वेळा तेच तेच विचारलं तिने.

बोलून झाल्यावर कामं वाटली. गोळ्या वडिलांकडे. फवारणीचं औषध घरातून हलवून दिरांच्या कुलपात. दिवसा शेजारच्या काकू ताईंजवळ. तरी पहिला आठवडा पोरगी सुट्टीत धावतच आली. मग काकूच सुट्टीच्या वेळेला नणंदेला ताईंजवळ बसवून शाळेच्या कुंपणापाशी जाऊन हात दाखवून यायच्या. पंधरा दिवसांनी पोरगी म्हणाली, "आता नको येऊ."

आमची एक चूक झाली. आम्ही तिच्याकडचं सगळंच काम काढून घेतलं, तर ती रुसली. आईला सकाळचा चहा मीच देणार म्हणाली. तेवढा तिच्याकडे ठेवला.

तुमच्या गटात असं मूल असेल तर ते तक्रार करत नाही. सकाळी पोट दुखतं म्हणतं, मैत्रिणींना घरी बोलावत नाही, खेळत नाही, धाकट्यांना दटावतं. आजाराबद्दल विचारायचं असेल तर टेली मानसचा नंबर 14416 आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांना स्वतःसाठी मदत हवी असेल तर 1098.

तीन महिन्यांनी ताईंना बरं वाटू लागलं आणि त्यांनी गुपचूप गोळ्या टाकून द्यायला सुरुवात केली. बऱ्याच जणींचं असं होतं. थोड्या आठवड्यांनी झोप पुन्हा मोडली. पूर्वी पोरीने ते तोंडात दाबून ठेवलं असतं. या वेळी दुसऱ्याच दिवशी ती काकूंच्या ओट्यावर आली. "काकू, आई परत तीनलाच उठते. बाबांना सांग." एवढं बोलून ती लंगडी खेळायला पळाली. काकूंनी वडिलांना फोन लावला, आणि गुरुवारी मावशी ताईंना घेऊन रुग्णालयात गेली.