शनिवार-रविवारचं काम मागताना



कॉलेज सुरू झालं की बरीच मुलं-मुली कपड्यांच्या दुकानात, सुपरमार्केटमध्ये किंवा कॅफेत सुट्टीच्या दिवसांचं काम शोधू लागतात. भरती पाहणाऱ्यांना ईमेल जातो आणि त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘मी कधीही येऊ शकेन.’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याला पाळ्यांचा तक्ता भरायचा असतो. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर कोण, रविवारी सकाळी दुकान उघडायला कोण, एवढंच त्याला हवं असतं.

पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी धरा. सोमवार ते शुक्रवार तिचे तास साडेसात ते साडेबारा, आणि शनिवारीही साडेअकरापर्यंत. तिनं नुसतं ‘शनिवार-रविवार मोकळी आहे’ असं लिहिलं, तर पहिल्याच शनिवारी सकाळी दहाची पाळी लागेल. मग एक तर तास बुडेल, नाही तर पाळी. असे बरेच शनिवार गेले की ७५ टक्के हजेरीची अट डोक्यावर येते.

म्हणून तिनं विषयाच्या ओळीतच लिहावं : ‘विक्री सहायक, अर्धवेळ : शनिवार दुपारी १ नंतर, रविवार पूर्ण दिवस.’ साडेअकराला तास सुटतो, मग एक का? बस, वाटेतला खोळंबा आणि दोन घास यांचा वेळ तिनं आधीच धरला आहे. साडेबाराची पाळी मागून दर शनिवारी दहा मिनिटं उशिरा पोचण्यापेक्षा हे बरं.

मजकूर मोजकाच असावा. ‘मी बी.कॉम. द्वितीय वर्षात शिकते. शनिवारी १ ते ९ आणि रविवारी १० ते ७ काम करू शकेन. शनिवारी सकाळचे तास बदलता येणार नाहीत. सत्र परीक्षेच्या काळात येता येणार नाही. वेळापत्रक लागताच तारखा कळवीन. पुढच्या शनिवारपासून रुजू होऊ शकते.’ शेवटी एकच प्रश्न : मोबदला तासावर आहे की पाळीवर?

परीक्षेचं आधी सांगितलं तर काम मिळणार नाही, अशी भीती वाटते. पण दुकानात गर्दी असते तेव्हाच, दिवाळीच्या आसपास, अनेकांच्या परीक्षाही येतात. आधी कळलं तर बदली माणूस शोधता येतो. आदल्या रात्री फोन आला तर पुढच्या पाळ्या दुसऱ्याला जातात.

‘चालेल, या’ असं फोनवर ऐकलं, तरी ठरलेल्या वेळा एका ओळीत ईमेलनं परत कळवा. व्यवस्थापक बदलला की तोंडी बोलणं उरत नाही, लिहिलेलं उरतं.

तेव्हा मित्रांनो, ईमेल लिहायला बसण्याआधी कॉलेजचं वेळापत्रक समोर ठेवा, आणि जी वेळ खरोखर पाळता येईल तीच लिहा.