रात्री दोन वाजताची प्रत



व्हॉट्सअ‍ॅप बिघडलं की मोबाइलच्या दुकानात मिळणारा सल्ला ठरलेला असतो: "काढून परत टाका." अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल, मेसेज पाठवल्यावर घड्याळाचं चिन्ह हलत नसेल, तर फोन बंद करून चालू करणं, अ‍ॅप अपडेट करणं, कॅशे पुसणं एवढ्यानं बरेचदा भागतं. भागलं नाही तर काढून परत टाकावंच लागतं. पण "काढून" आणि "परत टाका" यांच्या मधलं एक काम कुणी सांगत नाही. ते राहून गेलं, तर काही वर्षांचं बोलणं एका बोटाच्या दाबानं जातं. मी आज त्याच कामाबद्दल बोलणार आहे. बोलणं अँड्रॉइड फोनपुरतं आहे, कारण आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅपची प्रत फोनमध्ये न राहता आयक्लाउडवर जाते.

अनेकांची समजूत असते की आपले मेसेज कंपनीकडे आहेतच, नंबर टाकला की परत येतील. तसं नाही. मेसेज तुमच्या फोनवर पोहोचला की कंपनीच्या सर्व्हरवरून तो काढून टाकला जातो. पोहोचला नसेल तरच तिथे थांबतो, तोही जास्तीत जास्त तीस दिवस. म्हणजे तुम्ही अ‍ॅप काढून तासाभरानं परत टाकलंत, तर त्या तासात आलेले मेसेज सर्व्हरवर थांबलेले असतात आणि अ‍ॅप सुरू झाल्यावर येतात. आधी पोहोचलेलं सगळं मात्र तुमच्या फोनमध्येच असतं. फोनमध्ये टिकलं तर आहे, नाही तर नाही.

फोनमध्ये ते टिकावं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री दोनच्या सुमारास सगळ्या मेसेजची एक बंदिस्त फाइल तयार करतं. इंटरनेट लागत नाही, गूगलचं खातं लागत नाही. ही फाइल पाहायची असेल तर फोनमधलं फाइल मॅनेजर उघडा आणि या वाटेनं जा. रेडिओवर ही वाट वाचून दाखवणं म्हणजे पत्ता ओरडून सांगण्यासारखं आहे, म्हणून ज्यांच्या हाती छापील प्रत आहे त्यांचं काम सोपं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

जुन्या फोनांवर हा फोल्डर थेट `WhatsApp/Databases` असा सापडतो. आत ताजी फाइल असते `msgstore.db.crypt15` या नावाची. शेवटचा आकडा १४ किंवा १२ सुद्धा असू शकतो, आणि तो कधीही बदलायचा नाही. तिच्या शेजारी तारीख घातलेल्या, मागच्या रात्रींच्या फाइली असतात. साधारण आठवडाभराच्या प्रती राहतात, त्याआधीच्या आपोआप पुसल्या जातात.

आता धोका कुठे आहे ते पाहू. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हा फोल्डर अ‍ॅपच्या नावानं असलेल्या जागेत असतो. तो अ‍ॅपच्या मालकीचा समजला जातो, आणि मालक गेला की त्याच्याबरोबर तोही पुसला जाऊ शकतो. काही फोन अ‍ॅप काढताना "डेटा ठेवायचा का" असं विचारतात. विचारलं तर ठेवा म्हणा, पण त्यावर विसंबू नका. अ‍ॅप काढण्याआधी संपूर्ण `com.whatsapp` फोल्डर कॉपी करून `Download` मध्ये ठेवा, शक्य असेल तर संगणकावर किंवा पेनड्राइव्हवरही. फोटो आणि व्हिडिओंमुळे तो फोल्डर मोठा असेल आणि जागा नसेल, तर निदान `Databases` कॉपी कराच. मी ज्याला मधलं काम म्हणालो ते हेच. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा आकार सारखा आहे का ते बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल दिसायला फाइलसारखीच दिसते.

अ‍ॅप अजून उघडत असेल तर कॉपी करण्याआधी आणखी एक गोष्ट. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप इथे जाऊन बॅकअपचं बटण दाबा, म्हणजे रात्री दोनपासून आतापर्यंतचे मेसेजही फाइलमध्ये येतात. एकाच प्रसंगी हे बटण दाबायचं नाही. त्याचं उदाहरण पुढे येतंय.

अ‍ॅप काढलं. प्ले स्टोअरवरून परत टाकलं. अजून उघडू नका. आधी फाइल मॅनेजरमध्ये जाऊन तो फोल्डर जागेवर आहे का बघा. गेला असेल आणि पूर्ण `com.whatsapp` कॉपी केला असेल, तर `Download` मधली ती प्रत `Android/media` मध्ये चिकटवा; फक्त `Databases` कॉपी केला असेल, तर वर सांगितलेली वाट `WhatsApp` पर्यंत हातानं तयार करा, फोल्डरांची नावं अक्षरन् अक्षर तशीच ठेवा, आणि तो तिथे चिकटवा. मगच अ‍ॅप उघडा.

नंबर तोच द्यायचा, ज्या नंबरवरून बॅकअप झाला होता. फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली फाइलमध्ये नसते. नंबरची खात्री पटल्यावर ती सर्व्हरकडून मिळते. दुसरा नंबर दिला तर फाइल समोर असूनही उघडत नाही. सिम बदललं असेल तर जुन्या नंबरवर आधी सगळं परत आणा आणि नंतर सेटिंग्जमधून नंबर बदला. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा चौसष्ट अंकांची किल्ली तुमच्याजवळ हवी. ती हरवली तर कंपनीलाही फाइल उघडता येत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिनही आधी आठवून पाहा. विसरला असेल आणि ईमेल जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं.

नंबर पक्का झाला की अ‍ॅप परवानग्या मागतं. फाइली पाहण्याची परवानगी द्या, नाही तर शेजारी पडलेली फाइलही त्याला दिसत नाही. मग "बॅकअप सापडला" असा पडदा येतो. इथे घाई करू नका. त्यावर तारीख, वेळ आणि आकार लिहिलेला असतो. फोनमध्ये गूगलचं खातं असेल तर अ‍ॅप आधी गूगल ड्राइव्हकडे बघतं. तिथली प्रत महिन्यापूर्वीची असू शकते आणि फोनमधली काल रात्रीची. तारीख जुनी दिसली तर रिस्टोअर दाबू नका. मागे या आणि गूगलच्या खात्याची परवानगी विचारल्यावर ती टाळा, म्हणजे अ‍ॅप फोनमधली फाइल शोधतं.

"स्किप" हे बटणही त्याच पडद्यावर असतं. ते दाबलं की अ‍ॅप रिकामं सुरू होतं, आणि आतून रिस्टोअर करायची सोय नाही. पुन्हा अ‍ॅप काढून परत टाकावं लागतं. तसंच सोडून दिलं तर रात्री दोन वाजता त्या रिकाम्या अ‍ॅपची नवी प्रत बनते आणि तीच ताजी म्हणून उभी राहते. जुनी फाइल तारखेच्या नावाखाली मागे सरकते आणि आठवडाभरात रांगेबाहेर जाते. म्हणून "उद्या बघू" हे उत्तर इथे चालत नाही.

आता उदाहरण. समजा, एका ताईंचा शिवणकामाचा व्यवसाय आहे आणि शाळेच्या गणवेशांची मापं शाळेशी झालेल्या चॅटमध्ये आहेत. बुधवारी, १२ मार्च २०२५ ला संध्याकाळी, जागा करण्याच्या भरात ती चॅट पुसली गेली. लक्षात आलं शुक्रवारी, १४ तारखेला सकाळी. फोल्डरमध्ये तीन कामाच्या फाइली दिसतात:

```
msgstore.db.crypt15
msgstore-2025-03-13.1.db.crypt15
msgstore-2025-03-12.1.db.crypt15
```

पहिली शुक्रवारी पहाटेची, दुसरी गुरुवारची, तिसरी बुधवारी पहाटे दोनची. चॅट पुसली बुधवारी संध्याकाळी, म्हणजे पहिल्या दोघींत ती नाही, तिसरीत आहे. नावातल्या तारखेबरोबर फाइल बदलल्याची वेळही बघून खात्री करावी. आणि बॅकअपचं बटण दाबायचं नाही ते इथेच, कारण नव्या प्रतीतही ही चॅट येणार नाही.

ताईंनी सगळा फोल्डर `Download` मध्ये कॉपी करावा. मग अ‍ॅप काढून परत टाकावं आणि ते न उघडता `Databases` मध्ये फक्त १२ तारखेची फाइल ठेवावी, बाकीच्या तिथून काढाव्यात, आणि तिचं नाव `msgstore.db.crypt15` असं करावं. अ‍ॅप उघडून रिस्टोअर केलं की गणवेशांची मापं परत दिसतील. किंमत ही की बुधवारी पहाटेपासूनचे बाकीचे मेसेज आता फोनमध्ये नसतील.

दोन्ही हवं असेल तर वाट लांब आहे, पण आहे. चॅट दिसताच इंटरनेट बंद करावं, नाही तर मधल्या वेळात थांबलेले मेसेज या जुन्या अवस्थेत येऊन बसतात आणि पुढच्या पायरीत हरवतात. त्या एका चॅटवर एक्सपोर्ट दाबून मजकुराची फाइल फोनमध्ये किंवा ईमेलच्या मसुद्यात ठेवावी. मग अ‍ॅप पुन्हा काढावं, टाकावं, या वेळी `Download` मधली शुक्रवारची फाइल जागेवर ठेवावी आणि रिस्टोअर करावं. मापं मजकुराच्या फाइलीत, शुक्रवारी पहाटेपर्यंतचं बाकी सगळं अ‍ॅपमध्ये. लागोपाठ नंबर पक्का केला तर एसएमएसचा कोड मिळायला थांबावं लागतं, म्हणून हे काम निवांत वेळी करावं.

फोटोंबद्दल थोडं. `msgstore` मध्ये मेसेज असतात, फोटो नसतात. फोटो, व्हिडिओ आणि आवाजी मेसेज शेजारच्या `Media` फोल्डरमध्ये, बिनकुलपाचे असतात. तो फोल्डर गेला तर रिस्टोअरनंतर फोटोंच्या जागी धूसर चौकटी दिसतात आणि पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागावे लागतात. म्हणूनच जागा असेल तर पूर्ण `com.whatsapp` कॉपी करायला सांगितलं.

काम झाल्यावर `Download` मधली प्रत लगेच पुसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅट बॅकअपच्या पडद्यावर रात्री दोनची नवी वेळ दिसली, जुन्या चॅट नीट उघडल्या, की मग पुसा.

फोन दुकानात देणार असाल, तर एक करा. अ‍ॅप काढण्याआधी `Databases` फोल्डरची प्रत कुठे केली, ते दुकानदाराला तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा, आणि एसएमएसनं आलेला कोड स्वतःच्या हातानं टाका.